सराफी दुकानाचा व्हिडिओ लिहिताना: एक ठुशी, एक बिल आणि तीन प्रश्न

सराफी पेढीसाठी पहिल्यांदाच व्हिडिओ लिहायला घेतलेला माणूस हमखास एक चूक करतो. तो दुकानमालकासमोर बसतो, मालक सांगेल ते टिपून घेतो आणि त्याची गोड भाषा करतो. मीही तेच केलं होतं. मालक म्हणाले, ‘शंभर टक्के परतावा’ असं मोठ्या अक्षरांत येऊ द्या. आलं. पुढच्याच आठवड्यात एक काकू बिल घेऊन काउंटरवर उभ्या राहिल्या आणि बिलाच्या तळाची रक्कम दाखवून म्हणाल्या, “एवढे द्या. शंभर टक्के म्हणालात ना?” मालकाच्या मनात होते सोन्याच्या किमतीचे शंभर टक्के. काकूंच्या मनात होते दिलेल्या पैशांचे. दोघंही आपापल्या जागी बरोबर होते, चुकली होती माझी ओळ.

तेव्हापासून मी सुरुवात मालकाच्या केबिनमध्ये करत नाही, काउंटरमागच्या स्टुलावर करतो. अर्धा दिवस नुसतं बसायचं आणि गिऱ्हाईक ज्या शब्दांत विचारतं ते शब्द जसेच्या तसे वहीत उतरवायचे. शुद्धतेबद्दल कोणी ‘शुद्धतेचं प्रमाणीकरण’ म्हणत नाही. “हे नऊशे सोळा आहे ना?” एवढंच विचारतात. घडणावळीला बहुतेक जण मजुरी म्हणतात. आणि बायबॅक हा शब्द पाटीवर असला तरी विचारताना “मोडायला आणलं तर किती धराल?” असंच विचारतात. तुमच्या व्हिडिओत हेच शब्द हवेत.

आधी दागिना निवडा

तिन्ही गोष्टी एकाच दागिन्यावर आणि एकाच बिलावर दाखवायच्या. खूण अंगठीवर, मजुरी बांगडीवर आणि मोड चेनवर दाखवली, की बघणाऱ्याला दर वेळी नवे आकडे डोक्यात घ्यावे लागतात आणि दुसऱ्या मिनिटाला तो सोडून देतो.

मंगळसूत्र मात्र घेऊ नका. काळे मणी वजा करून निव्वळ वजन दाखवायला ते सोयीचं, हे खरं. पण मोडीच्या प्रसंगात मंगळसूत्राला कात्री लागलेली आपल्याकडे कोणाला बघवत नाही. तुटलं तरी ‘वाढवलं’ म्हणणारी माणसं आपण. बांगड्यांचंही तेच. मी ठुशी घेतो. तिला मागे गोंडा असतो, मधे एखादा खडा असतो, म्हणजे एकूण वजन आणि सोन्याचं वजन यांतला फरक दाखवता येतो. बारीक मण्यांचं हातकाम डोळ्यांना दिसतं, त्यामुळे घडणावळ का लागते हे वेगळं समजवावं लागत नाही.

आपली ठुशी अशी धरू: एकूण वजन १३.२०० ग्रॅम. गोंडा, दोरा आणि खडा मिळून १.२०० ग्रॅम. निव्वळ सोनं १२ ग्रॅम, २२ कॅरेट. भाव मात्र खऱ्या दिवसाचा घालू नका. सोन्याचा भाव रोज हलतो, आणि महिन्याभरानं कोणी व्हिडिओ पाहिला की तोच आकडा धरून भांडायला येतो. ग्रॅमला १०,००० रुपये असा गोल भाव धरा आणि ‘भाव उदाहरणासाठी’ ही ओळ पूर्ण व्हिडिओभर कोपऱ्यात ठेवा.

पहिला प्रसंग: खूण

इथे सांगायचं थोडं आहे, दाखवायचं जास्त. आजच्या हॉलमार्कमध्ये तीन गोष्टी असतात: भारतीय मानक ब्युरोचं त्रिकोणी चिन्ह, कॅरेट आणि शुद्धता सांगणारा आकडा, आणि इंग्रजी अक्षरं व अंक मिळून सहा जागांचा एचयूआयडी. हा क्रमांक प्रत्येक दागिन्याचा वेगळा. १ एप्रिल २०२३ पासून एचयूआयडीशिवाय हॉलमार्कचा दागिना दुकानदाराला विकता येत नाही. दोन ग्रॅमखालचे दागिने आणि कुंदन, पोलकी, जडाऊ काम यांना सक्तीतून सूट आहे. ते दुकानात असतील तर तेवढं एक वाक्य बोला, नसतील तर सोडून द्या.

काउंटरवरच्या ताईंच्या तोंडी मी हे असं देतो:

“काकू, हे भिंगातून बघा. हा त्रिकोण. त्याच्या शेजारी 22K916. म्हणजे हजार भागांत नऊशे सोळा भाग चोख सोनं. तुमच्या बारा ग्रॅमच्या ठुशीत साधारण अकरा ग्रॅम चोख सोनं आणि एक ग्रॅम तांबं-चांदी. ती मिसळ नसती तर हे मणी आठवड्यात चेपले असते. आणि हे सहा अक्षरांचं, हा या ठुशीचा आधार नंबर समजा.”

शेवटच्या वाक्यावर काकू हसतात आणि लक्षातही ठेवतात. त्यानंतर फोनचा स्क्रीन दाखवायचा. BIS Care ॲप उघडा, Verify HUID निवडा, सहा अक्षरं टाका. हॉलमार्क करून घेणाऱ्या सराफाचा नोंदणी क्रमांक, तपासणी केंद्र, दागिन्याचा प्रकार आणि शुद्धता समोर येते. इथे दोन गोष्टी बोलून दाखवल्याच पाहिजेत. पहिली, ॲपवरचं नाव कधीकधी तुमच्या दुकानाचं नसतं. माल बनवणाऱ्यानं किंवा ठोक व्यापाऱ्यानं हॉलमार्क करून घेतला असेल तर त्याचं नाव येतं. हे आधी सांगितलं नाही तर गिऱ्हाइकाला वाटतं आपण फसलो. दुसरी, नंबर सापडला म्हणजे काम झालं असं नाही. दागिन्याचा प्रकार जुळतो का तेही बघायचं. हातात ठुशी आणि ॲपवर अंगठी दिसत असेल, तर तो नंबर दुसऱ्या दागिन्यावरून उचललेला असू शकतो.

हमखास येणारा प्रश्न म्हणजे, “आमच्याकडे केडीएमचं आहे, ते चांगलं ना?” केडीएम हा शुद्धतेचा शिक्का नाहीच. डाग लावताना म्हणजे जोड देताना कॅडमियम वापरलं, एवढाच त्याचा अर्थ. त्याचा धूर कारागिराच्या फुप्फुसांना घातक. म्हणून व्हिडिओत एकच वाक्य घ्या: केडीएम लिहिलंय म्हणजे किती कॅरेट आहे ते कळत नाही, तपासावं लागेल. घरातलं जुनं, एचयूआयडी नसलेलं सोनं बेकायदा झालं, ही अफवाही अजून फिरते. बंदी दुकानदाराच्या विक्रीवर आहे, तुमच्या कपाटातल्या पाटल्यांवर नाही.

चित्रीकरणाबद्दल एक सूचना, कारण यावर माझी एक अख्खी दुपार गेली आहे. लेझरची खूण इतकी बारीक असते की फोनचा फ्लॅश पडला की सोनं नुसतं चमकतं आणि काही दिसत नाही. फ्लॅश बंद करा, दिवा बाजूनं तिरपा ठेवा, आणि पेढीत दहापट मोठं दाखवणारं भिंग असतंच, ते फोनच्या लेन्सवर टेकवा. गिऱ्हाइकाचा दागिना मात्र घेऊ नका. दुकानातला नमुना घ्या, म्हणजे कोणाच्या दागिन्याचा नंबर जगभर जात नाही.

दुसरा प्रसंग: वजन आणि घडणावळ

ठुशी काट्यावर ठेवा, कॅमेरा काट्याच्या आकड्यावर. १३.२००. मग ताई म्हणतात:

“हे झालं एकूण वजन. यात गोंडा आहे, दोरा आहे, हा खडा आहे. त्यांचे पैसे सोन्याच्या भावानं घ्यायचे नाहीत. एक पूर्णांक दोन ग्रॅम वजा. राहिलं बारा ग्रॅम. बिलावर हा आकडा ‘निव्वळ वजन’ म्हणून लिहिलेला असतो, आधी तो शोधा.”

पुढची ओळ भावाची. बघणाऱ्यांना जास्तीत जास्त गोंधळात टाकणारी जागा हीच. वर्तमानपत्रात किंवा फोनवर दिसणारा भाव पुष्कळदा २४ कॅरेटचा असतो आणि ठुशी २२ची. २२ला दहा हजार भाव असेल तर २४ला साधारण १०,९०० असतो. बिलावर २२ कॅरेटचाच भाव लागलाय ना, हे बघायला सांगा. चुकून वरचा भाव लागला तर बारा ग्रॅममागे दहा हजारांहून जास्त फरक पडतो.

आता घडणावळ. दुकानदार ती तीनपैकी एका तऱ्हेनं सांगतो: टक्क्यांत, ग्रॅममागे ठरावीक रुपयांत, किंवा मजुरी वेगळी आणि घडवताना वाया जाणाऱ्या सोन्याची घट वेगळी. व्हिडिओत तिन्ही समजावत बसू नका. तुमच्या दुकानात जी चालते तेवढीच सांगा, आणि ती रुपयांत करून दाखवा. टक्के ऐकताना माणूस मान डोलावतो, पण हिशोब करत नाही.

आपल्या ठुशीला १२ टक्के धरू. एक लाख वीस हजारांवर चौदा हजार चारशे. ताईंच्या तोंडी:

“हे एवढाले मणी एकेक करून बनवलेत, मग पटवेकऱ्यानं दोऱ्यावर बसवलेत. त्या हातांचे हे चौदा हजार चारशे. मशीनची साधी चेन घेतलीत तर याहून कमी लागतील.”

घट वेगळी लावणारं दुकान असेल तर आडपडदा ठेवू नका. ‘मजुरी फक्त ८ टक्के’ असं पाटीवर आणि ‘घट ५ टक्के’ असं बिलावर असेल, तर ते तेरा टक्केच झाले. गिऱ्हाईक घरी जाऊन बेरीज करतंच. ‘मजुरीवर ५० टक्के सूट’ या पाटीचंही असंच आहे. मूळ मजुरी २४ टक्के असेल तर सूट देऊन ती आपल्या ठुशीइतकीच होते. मालक आग्रह करतील तरी सुटीचा आकडा एकटा दाखवू नका, शेजारी सूट जाऊन राहिलेले रुपये दाखवा.

टक्क्यांच्या मजुरीची आणखी एक खोड आहे. भाव चढला की मजुरीही चढते. भाव बारा हजार झाला तर त्याच ठुशीचे १७,२८० होतात, कारागिरानं एकही मणी जास्त ओवलेला नसताना. ग्रॅमला ठरावीक १,२०० रुपये असतील तर भाव काहीही होवो, चौदा हजार चारशेच राहतात. हे व्हिडिओत घ्यायचं की नाही ते मालकाशी बोलून ठरवा. पण स्वतःला ठाऊक असू द्या, कारण कमेंटमध्ये कोणीतरी विचारणारच.

मग बिल एकेक ओळ करत पडद्यावर उतरू द्या:

सोनं, १२ ग्रॅम: १,२०,००० रुपये
घडणावळ १२ टक्के: १४,४०० रुपये
जीएसटी ३ टक्के: ४,०३२ रुपये
हॉलमार्क शुल्क ४५ रुपये आणि त्यावरचा कर मिळून: ५३ रुपये
एकूण: १,३८,४८५ रुपये

जीएसटी सोनं आणि घडणावळ या दोन्हींच्या बेरजेवर ३ टक्के लागतो. ‘मजुरीवर ५ टक्के’ असं बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतं. तो दर गिऱ्हाइकानं स्वतःचं सोनं दिलं आणि सराफानं नुसतं घडवून दिलं तर. तयार दागिन्याच्या बिलात तो यायचं कारण नाही. खड्याची किंमत वेगळी लावली असेल तर तीही बिलावर स्वतंत्र ओळीत हवी, आपल्या उदाहरणात ती धरलेली नाही.

बिल किमान सहा-सात सेकंद स्थिर ठेवा. मागे संगीत नको. लोक इथे थांबवून स्क्रीनशॉट घेतात.

तिसरा प्रसंग: मोड

हा प्रसंग लिहायच्या आधी मालकांकडून अटी कागदावर लिहून घ्या. तोंडी घेतलेल्या अटी काउंटरवर प्रत्येक माणूस वेगळ्या सांगतो. मी विचारतो ते एवढंच: बदल्यात नवा दागिना घेतला तर किती धरता, रोख हवे असतील तर किती, आपल्या दुकानचा आणि बाहेरचा माल यांत फरक काय, बिल हरवलं असेल तर काय, आणि भाव कुठला, विकायचा की मोडीचा. बऱ्याच पेढ्यांत हे दोन भाव वेगळे असतात आणि पाटीवर फक्त विकायचा असतो.

आपल्या उदाहरणापुरत्या अटी अशा धरू: दुकानची वस्तू, बिलासकट. बदली केल्यास निव्वळ सोन्याच्या त्या दिवसाच्या भावानं पूर्ण किंमत. पैसे हवे असल्यास तीन टक्के वजा. घडणावळ आणि कर परत नाही.

आता मालकांना न आवडणारा, पण व्हिडिओतला सगळ्यात कामाचा भाग. ‘दोन वर्षांनी भाव वाढल्यावर’ असं उदाहरण घेऊ नका. भाववाढीत सगळं झाकून जातं. ‘आज घेतली, उद्या परत आणली, भाव तोच’ असं घ्या.

“काकू, उद्या ही ठुशी परत आणलीत आणि बदल्यात दुसरं काही घेतलंत, तर आम्ही एक लाख वीस हजार धरू. पैसे हवे असतील तर एक लाख सोळा हजार चारशे, खात्यात. तुम्ही दिले होते एक लाख अडतीस हजार चारशे पंच्याऐंशी.”

“म्हणजे बावीस हजार गेले?”

“बावीस हजार पंच्याऐंशी. घडणावळ चौदा हजार चारशे, सरकारचा कर चार हजार बत्तीस, हॉलमार्कचे त्रेपन्न, आणि आमची वजावट तीन हजार सहाशे. म्हणून म्हणते, घालायला घेताय तर ठुशी घ्या. नुसतं सोनं साठवायचं असेल तर वळं घ्या, त्याला घडणावळ नाममात्र.”

हा संवाद पहिल्यांदा वाचून दाखवला तेव्हा मालक गप्प झाले, मग म्हणाले, “हे ऐकून कोण घेईल?” लोक घेतात. काउंटरवर रागावून येणारे मात्र कमी होतात, कारण बावीस हजारांचा धक्का त्यांना घरी बसल्या बसल्याच बसलेला असतो.

बदलीच्या वेळी एका जागी अजून वाद होतो, तो दोन वाक्यांत सांगून टाका. नवा दागिना दीड लाखाचा आणि जुनी ठुशी एक लाख वीस हजारांची, म्हणून जीएसटी उरलेल्या तीस हजारांवर लागेल असं गिऱ्हाइकाला वाटतं. तो पूर्ण दीड लाखावर लागतो: साडेचार हजार. म्हणजे वरून भरायचे साडेचौतीस हजार.

दुसऱ्या दुकानचा माल आला तर काय होतं, ते बोलण्यापेक्षा दाखवावं. आधी टंच काढायचं मशीन. दागिना आत ठेवला की मिनिटाभरात किती टक्के सोनं ते पडद्यावर येतं, आणि दागिन्याला ओरखडाही जात नाही. पण हे मशीन वरचा थरच वाचतं. आत डाग जास्त असेल किंवा मण्यांच्या पोटात लाख भरलेली असेल, तर त्याला कळत नाही. म्हणून बाहेरचा माल गाळून बघतात. गोंडा कापला, वजन केलं, मुशीत वितळवलं, थंड झाल्यावर पुन्हा वजन आणि पुन्हा टंच. बारा ग्रॅमचे अकरा पूर्णांक आठ झाले तर तो फरक म्हणजे घट: डागाचा जळालेला भाग आणि मण्यांतला वर्षानुवर्षांचा मळ. हे गिऱ्हाइकासमोर होतं की आतल्या खोलीत, ते व्हिडिओत स्पष्ट सांगा. आत होत असेल तर आधी मालकांना भट्टी पुढे आणायला सांगा आणि मग चित्रीकरण करा. एक गोष्ट मात्र ताईंनी बजावून सांगायलाच हवी: एकदा गाळलं की दागिना परत मिळत नाही, मिळते ती लगड. दर पटत नसेल तर गाळायच्या आधीच उठायचं.

हॉलमार्क असूनही टंच कमी आलं तर? गिऱ्हाइकाला मान्यताप्राप्त तपासणी केंद्रात जाऊन स्वतः तपासून घेता येतं. शुद्धता खरंच कमी निघाली तर विकणाऱ्यानं त्या कमतरतेच्या रकमेच्या दुप्पट भरपाई आणि तपासणीचा खर्च द्यायचा, असा नियम आहे. हे वाक्य व्हिडिओत घालायला जो सराफ कचरतो, त्याच्यासाठी मी व्हिडिओ करत नाही.

सोडण्याआधी

तयार व्हिडिओ मालकांना दाखवायच्या आधी घरातल्या अशा एका बाईला दाखवा, जिचा दुकानाशी संबंध नाही. मी माझ्या मावशीला दाखवतो. एकदाच, मधे न थांबवता. मग फोन काढून घेऊन विचारतो: ठुशीत सोनं किती ग्रॅम? मजुरीचे रुपये किती? उद्या परत दिली तर हातात किती येतील? तिनं तिसऱ्याचं उत्तर ‘एक लाख वीस’ असं दिलं, तर बदली आणि रोख यांतला फरक पोचलेला नाही. तेवढाच भाग पुन्हा लिहायचा. मागच्या वेळी मावशी वजनातच अडकली होती, कारण काट्यावरचा आकडा दोनच सेकंद दिसत होता.

तिन्ही प्रसंगांचं चित्रीकरण वेगवेगळं करून ठेवा आणि तिसऱ्यात ताईंनी पहिल्या दोघांचा उल्लेख फक्त ‘ही ठुशी’ एवढाच करावा. खुणेचे नियम वर्षानुवर्षं टिकतात, घडणावळ दिवाळीला बदलते, आणि मोडीच्या अटी मालकांचा मूड बदलला की बदलतात. त्या बदलल्या की तेवढा प्रसंग काढून नवा जोडता आला पाहिजे, आणि जुन्या अटींचा तुकडा त्याच दिवशी सगळीकडून उतरवला पाहिजे.